रूममधल्या बिघाडाची नोंद: इंजिनिअरची एकच फेरी व्हावी अशी कशी लिहायची

‘३०४ – एसी खराब.’

आषाढी एकादशीच्या आधीचा आठवडा होता. पंढरपूरला जाणाऱ्या-येणाऱ्यांनी सोलापुरातली हॉटेलं भरून जातात ते दिवस. आमच्याकडेही एक रूम रिकामी नव्हती. सकाळच्या पाळीतल्या नव्या मुलानं रजिस्टरमध्ये एवढंच लिहिलं आणि तो पुढच्या रूमकडे गेला. त्यानं काम टाळलं नव्हतं. नोंद कशी लिहायची ते त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मेंटेनन्सचे अण्णा रिमोटचे सेल आणि टेस्टर घेऊन वर गेले. आत आजी बेडवर पडल्या होत्या, त्यांना उठून खुर्चीवर बसावं लागलं. अण्णांनी एसी लावला तर हवा छान थंड येत होती. तेव्हा आजींच्या सूनबाई म्हणाल्या, “अहो, थंड करतोय, पण रात्री उशीवर पाणी पडत होतं.” पाणी पाहायचं तर शिडी हवी. अण्णा खाली गेले, शिडी घेऊन आले, पुन्हा दार वाजवलं. वर चढून पाहिल्यावर कळलं की पाणी बाहेर नेणारा पाइप तुंबलाय, म्हणजे पाइपमध्ये हवा मारायला ब्लोअर पाहिजे. ब्लोअर गच्चीवर दुसऱ्या कामाला लागला होता. तिसरी फेरी. काम झाल्यावर बेडवर पडलेली घाण पुसायला हाऊसकीपिंगची बाई गेली, ती चौथी. वीस-पंचवीस मिनिटांच्या कामाला पावणेदोन तास लागले आणि आजींना दोनदा अंथरुणातून उठावं लागलं. त्या आदल्या दिवशीच लांबचा प्रवास करून आल्या होत्या. मला ते आजही लागतं.

मी हाऊसकीपिंगमध्ये सुपरवायझर आहे. नव्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट सांगते: तुमची नोंद वाचून इंजिनिअर आपली पिशवी भरतो. पिशवीत नेमकं सामान गेलं तर एका फेरीत काम होतं. ते राहिलं तर पाहुण्याचं दार पुन्हा वाजतं. रजिस्टर असो की मोबाईलवरचं ॲप, लिहिताना हा एकच विचार डोक्यात ठेवा.

हे सगळं मी एसीच्या गळतीवरूनच सांगते. नवीन माणूस सगळ्यात जास्त इथंच चुकतो, आणि एक नोंद नीट जमली की बाकीच्या जमतात.

पहिलं काम: ‘खराब’ हा शब्द सोडा

एसी ‘खराब’ म्हणजे पाच वेगळी कामं असू शकतात. एसी चालूच होत नाही. चालतो पण थंड करत नाही. पाणी गळतं. आवाज करतो. वास येतो. चालूच होत नसेल तर इंजिनिअर टेस्टर घेऊन आधी एमसीबी आणि स्टॅबिलायझर बघेल. पाणी गळत असेल तर शिडी, ब्लोअर, बादली आणि अंथरायला जुनी चादर नेईल. आवाज असेल तर पेचकस आणि पान्यांचा संच. या पाचांतलं कोणतं, एवढं लिहिलं तरी निम्मी पिशवी बरोबर भरते.

गीझर, फ्लश, टीव्ही, दाराचं कुलूप सगळ्यांना हेच लागू. ‘फ्लश बिघडला’ यातून काहीच कळत नाही. ‘फ्लशचं बटण दाबलं की आतच राहतं, पाणी वाहत राहतं’ यातून प्लंबरला टाकीतला कोणता भाग न्यायचा ते कळतं.

दिसलं ते लिहा, कारण लिहू नका

चार महिने काम केलं की आपल्याला कारणं सुचायला लागतात. इथं सांभाळा. एका उन्हाळ्यात आमच्याच एका मुलीनं लिहिलं होतं, ‘२१२ एसीचा गॅस संपला.’ ते वाचून मेंटेनन्सनं रूममध्ये न जाता थेट बाहेरच्या एसीवाल्याला फोन केला. तो सिलिंडर आणि गेज घेऊन दुसऱ्या दिवशी आला. झाकण उघडलं तर फिल्टर धुळीनं गच्च भरलेला. फिल्टर धुतला आणि एसी पहिल्यासारखा चालला. गॅस पुरेसा होता. सोलापुरातली मे महिन्यातली एक रात्र पाहुण्यानं नुसत्या पंख्यावर काढली होती.

त्या मुलीनं पाहिलं काय होतं? ‘हवा कमी येते आणि थंडही वाटत नाही.’ तेवढंच लिहिलं असतं तर अण्णा आधी फिल्टर बघायला गेले असते, कारण हवाच कमी येत असेल तर पहिला संशय फिल्टरवर जातो. हवा भरपूर येते पण थंड नाही, असं असेल तर गोष्ट वेगळी. मग बाहेरचं युनिट चालू आहे का, गॅस आहे का, हे बघावं लागतं. या एका शब्दाच्या फरकावर पुढचं सगळं ठरतं. ‘कमी येते’ की ‘थंड नाही’, ते एसीच्या हवेसमोर हात धरून बघा आणि मगच लिहा.

गळती असेल तर दोन मिनिटं काय बघायचं

एसीत पाणी येतं कुठून ते आधी समजून घ्या, म्हणजे काय बघायचं ते पाठ करावं लागणार नाही. भिंतीवरच्या युनिटमध्ये एक थंड जाळी असते, तिला कॉइल म्हणतात. रूममधली हवा तिच्यावरून जाते तेव्हा हवेतला ओलावा तिच्यावर जमतो, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटतं तसा. ते पाणी खालच्या लांब ट्रेमध्ये पडतं आणि ट्रेमधून एका पाइपनं उतारावर बाहेर जातं. बहुतेक स्प्लिट एसीत यासाठी पंप नसतो, फक्त उतार असतो.

म्हणूनच आपल्याकडे गळतीच्या तक्रारी एप्रिल-मेमध्ये कमी असतात. तेव्हा हवा कोरडी असते, ट्रेमध्ये पाणी थोडंच जमतं आणि अर्धवट तुंबलेल्या पाइपमधूनही निघून जातं. जूनमध्ये पाऊस पडून हवा दमट झाली की तोच पाइप पुरत नाही. वर्षभराची धूळ आणि ओल मिळून आत बुळबुळीत थर साचलेला असतो. वारीचे दिवस नेमके तेव्हाच येतात.

आता बघायचं काय? चार गोष्टी.

एक, पाणी कुठून पडतं. डावीकडून, उजवीकडून, मधून, की युनिटच्या मागून भिंतीवर ओघळतं? डावं-उजवं नेहमी एसीसमोर तोंड करून उभं राहून सांगायचं. आमच्याकडे हे ठरवून घेईपर्यंत एकाचं डावं ते दुसऱ्याचं उजवं होत होतं.

दोन, कधी पडतं. लावल्यावर किती वेळानं सुरू होतं हे पाहुण्याला विचारा. एसी बंद केल्यावर एकदम जास्त पाणी आलं का, हेही विचारा. बंद केल्यावर जास्त आलं असेल तर कॉइलवर बर्फ धरला होता आणि तो वितळला, अशी दाट शक्यता असते. बर्फ धरण्यामागे घाण फिल्टर किंवा कमी झालेला गॅस असतो. ते काम वेगळं आणि त्याची पिशवीही वेगळी. तुम्हाला हे कारण लिहायचं नाही. ‘बंद केल्यावर जास्त पाणी आलं’ एवढंच लिहा, बाकीचं अण्णांना कळतं.

तीन, बाहेरच्या पाइपच्या तोंडातून पाणी येतं का. गॅलरीतून किंवा खिडकीतून दिसत असेल तरच बघा. एसी तासभर चाललाय, आत पाणी गळतंय आणि बाहेर पाइप कोरडा आहे, तर पाइप तुंबलाय किंवा कुठंतरी निसटलाय. ही एक ओळ लिहिली की इंजिनिअर खालूनच ब्लोअर घेऊन निघतो. वाकून बघावं लागत असेल तर बघू नका, ‘पाइप दिसत नाही’ असं लिहा.

चार, खाली काय आहे. बेड आहे, टीव्ही आहे, की स्विचबोर्ड? पाणी स्विचबोर्डाकडे जात असेल तर लिहीत बसू नका. त्याचं पुढे सांगते.

हे बघण्यासाठी बेडवर चढायचं नाही आणि एसीचं झाकण उघडायचं नाही. ओल्या हातानं तर बटणाला हातच लावायचा नाही. एसी रिमोटनं बंद करा, खाली बादली आणि जुना टॉवेल ठेवा. आणि हे केलं असं नोंदीत लिहा, कारण अण्णा आत जातील तेव्हा थेंब थांबलेले असतील. ३०४ मध्ये तेच झालं होतं. एसी बंद असल्यामुळे गळती दिसत नव्हती, आणि नोंदीत ‘गळती’ हा शब्दही नव्हता.

पाहुण्याची वेळ: बिघाडाइतकीच महत्त्वाची ओळ

नवीन लोक ही ओळ बहुतेक विसरतात. इंजिनिअरला बिघाड कळला तरी दार कधी वाजवायचं ते कळत नाही. मग तो हातातली दोन कामं संपवून स्वतःच्या सोयीनं जातो आणि पाहुणा नेमका दुपारी झोपलेला असतो.

सोलापुरात राहणाऱ्या पाहुण्यांच्या वेळा थोड्या विचारल्या की कळतात. देवदर्शनाला आलेले लोक अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करतात. अक्कलकोट साधारण चाळीस किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीसच्या आसपास, पंढरपूर सत्तरच्या घरात. जाऊन, दर्शन घेऊन, जेवून येईपर्यंत तीन-चार तास तरी रूम रिकामी असते. चादरी-टॉवेलच्या व्यापाराला आलेले पाहुणे सकाळी दहाला बाहेर पडतात ते संध्याकाळीच येतात. लग्नाचे पाहुणे मात्र दिवसभर आत-बाहेर करत असतात. त्यांच्याकडून वेळ ठरवूनच घ्यावी लागते.

विचारताना “कधी येऊ?” असं विचारू नका. पाहुणा “या कधीही” म्हणतो आणि मग त्याचीच अडचण होते. असं विचारा: “काका, आज तुम्ही किती वाजता बाहेर पडणार आणि परत किती वाजता येणार? तुम्ही नसताना आमच्या माणसानं आत येऊन काम केलं तर चालेल का? मी स्वतः सोबत थांबेन.” सोबत कोण थांबणार हे ऐकलं की बहुतेक लोक मोकळेपणानं हो म्हणतात. मौल्यवान वस्तू लॉकरमध्ये किंवा सोबत ठेवायला तेव्हाच सांगायचं. पाहुणा नको म्हणाला तर तेही लिहा: ‘पाहुणे असतानाच काम करावं, ४ वाजता बोलावलंय.’

बाळ झोपतंय, आजारी माणूस आहे, बाई एकट्या आहेत, या गोष्टी कामापुरत्या लिहायच्या. ‘बाळ १ ते ३ झोपतं, ड्रिल नको’ हे उपयोगाचं. पाहुणे कोण, कुठून आले, कशासाठी आले, स्वभाव कसा, यातलं काही लिहायचं नाही. नोंद दहा जण वाचतात.

घाई किती, ते शब्दानं नाही तर परिणामानं सांगा

सगळेच ‘अर्जंट’ लिहितात, त्यामुळे त्या शब्दाला आमच्याकडे कुणी विचारत नाही. त्याऐवजी काय अडलंय ते लिहा. ‘आज रात्री या बेडवर झोपता येणार नाही, दुसरी रूम रिकामी नाही’ ही ओळ वाचून कुणीही आधी तिकडेच जाईल. ‘एका बाजूचा नाइटलॅम्प लागत नाही, दुसरा लागतो’ हे वाचून तो चेकआउटनंतर जाईल, आणि ते बरोबरच आहे.

काही गोष्टी मात्र लिहायच्या नसतात, आधी फोन करायचा असतो. नळाला किंवा शॉवरला हात लावल्यावर झिणझिण्या येणं, जळका वास, स्विचबोर्डात पाणी, दार आतून अडकणं, पाइप फुटून पाणी पॅसेजमध्ये येणं. अशा वेळी पाहुण्याला त्या जागेपासून बाजूला करा, मेंटेनन्सला आणि रिसेप्शनला फोन लावा, आणि नोंद नंतर करा. नळाला करंट लागतो अशी तक्रार आली तर “गीझर बंद करून बघा” असं पाहुण्याला सांगायचं नाही. त्याला बाथरूमच्या बाहेर थांबवायचं. मेन कुठून बंद करायचा ते शिकवलेल्या माणसालाच माहीत असतं.

३०४ ची नोंद कशी हवी होती

मी त्या मुलाला बसवून हीच नोंद पुन्हा लिहायला लावली. पाहुण्यांकडून आणि अण्णांकडून नंतर जे कळलं ते सगळं त्याला तेव्हाही दोन प्रश्नांत कळलं असतं. लिहून झाल्यावर ती अशी दिसत होती:

> रूम ३०४, स्प्लिट एसी. पाणी गळतं. एसीसमोर उभं राहिल्यावर डाव्या कोपऱ्यातून, खालच्या उशीवर. लावल्यावर साधारण पाऊण तासानं सुरू होतं, बंद केल्यावर थांबतं. हवा थंड आणि भरपूर. बाहेर गॅलरीत पाइपचं तोंड कोरडं. ८.१० ला एसी बंद केला, खाली बादली ठेवली. बेड सरकत नाही, शिडी लागेल. पाहुणे ९.३० ला तुळजापूरला जाणार, २ पर्यंत येणार. मागे आत जायला परवानगी आहे, हाऊसकीपिंग सोबत थांबेल. आज दुसरी रूम रिकामी नाही.

लिहायला तीन मिनिटं लागली. आता अण्णांच्या डोळ्यांनी वाचा. थंड आणि भरपूर हवा, म्हणजे गेज नको. बंद केल्यावर थांबतं, म्हणजे बर्फाचा प्रश्न दिसत नाही. बाहेरचं तोंड कोरडं, म्हणजे पाइप. पिशवीत शिडी, ब्लोअर, अंथरायला चादर आणि पाण्याची एक बाटली. बाटली कशाला? पाइप मोकळा केल्यावर ट्रेमध्ये हळूहळू अर्धा लिटर पाणी ओतायचं आणि ते गॅलरीत बाहेर पडतंय का ते बघायचं. तसं पडलं तर काम झालं. जायची वेळ साडेनऊनंतर. आजींनी उठायची गरज नाही, कारण त्या तेव्हा तुळजापूरच्या रस्त्यावर असतील.

गीझरची नोंद, थोडक्यात

‘गरम पाणी नाही’ ही दुसरी नेहमीची तक्रार. इथं एकच गोष्ट पक्की विचारा: गरम पाणी अजिबात आलं नाही, की आधी आलं आणि मग संपलं? पंधरा लिटरच्या गीझरमध्ये एका माणसाच्या अंघोळीपुरतं पाणी असतं. ते संपल्यावर पुन्हा चांगलं तापायला साधारण वीस मिनिटं लागतात. चौघं एकामागोमाग अंघोळीला गेले तर तिसऱ्याला थंड पाणी येणारच. तो बिघाड नव्हे, तिथं इंजिनिअरला पाठवायचं नाही, पाहुण्याला नीट समजावून सांगायचं.

अजिबात येत नसेल तर गीझरवरचा दिवा लागतो का ते लिहा, आणि बेसिनच्या नळाला गरम येतं का तेही तपासून लिहा. बेसिनला गरम येतं आणि शॉवरला नाही, तर गीझर ठीक आहे, प्लंबरचं काम आहे. शॉवरची धार बारीक झाली असेल तर ‘शॉवरच्या भोकांत पांढरा क्षार दिसतो’ एवढं लिहा. बोअरचं जड पाणी वापरणाऱ्या इमारतींत हे वरचेवर होतं. त्यासाठी दुसरा शॉवर सोबत नेऊन बदलणं हे दोन मिनिटांचं काम असतं. जुना शॉवर खाली आणून सावकाश साफ करता येतो.

नोंद बंद कधी करायची

इंजिनिअर रूममधून बाहेर पडला म्हणजे नोंद बंद, असं नाही. पाणी पाऊण तासानं गळत होतं, तर एसी तासभर चालवून मगच बघायला हवं. पाहुणे येण्याआधी एसी लावा, तासानं जाऊन खालची फरशी आणि उशी हातानं चाचपा, आणि मग लिहा: ‘१.१५ ला पाहिलं, कोरडं आहे.’ फरशीवर शिडीचे ठसे, बेडवर धुळीचा कण, सरकलेली बॅग, सगळं याच वेळी नीट करा. बॅग होती तिथंच ठेवायची, नीट दिसते म्हणून दुसरीकडे नाही.

काय सापडलं ते इंजिनिअरकडून एका ओळीत लिहून घ्या. ‘पाइप तुंबला होता, साफ केला’ की ‘पाइपचा उतार उलटा आहे’? दुसरं असेल तर पाणी पुन्हा गळणार, कितीही वेळा साफ केलं तरी. म्हणून नवीन नोंद लिहिण्याआधी त्या रूमची मागची पानं चाळा आणि तीच तक्रार आधी सापडली तर तिची तारीख नव्या नोंदीत घाला.

आम्ही ३०४ ची पानं चाळली तेव्हा मागच्या पावसाळ्यातही दोनदा ‘एसी खराब’ लिहिलेलं सापडलं. दोन्ही वेळा काय झालं होतं आणि काय केलं, एका शब्दानं नव्हतं. अण्णांनी आषाढी झाल्यावर रूम एक दिवस ब्लॉक करायला सांगितली आणि भिंतीतून बाहेर पडल्यावर पाइप कसा गेलाय ते पाहिलं. गॅलरीच्या कोपऱ्यात तो वर उचलून क्लिपेत बसवलेला होता. क्लिप काढून पाइप खाली घेतला, बाटलीभर पाणी ओतून पाहिलं, आणि रजिस्टरमध्ये स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘३०४, पाइपचा उतार सरळ केला. ३०६ आणि ३०८ मध्येही असाच पाइप आहे, रूम रिकाम्या झाल्या की सांगा.’